थायरॉइडच्या आजारात आयोडीन आणि सेलेनियम: कधी उपयोग, कधी अपाय?

रक्ताच्या रिपोर्टमध्ये टीएसएच थोडा वाढलेला दिसतो. डॉक्टर म्हणतात, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. घरी आल्यावर कुणीतरी सांगतं, 'थायरॉइड म्हणजे आयोडीनची कमतरता.' दुसरं कुणी समुद्री शेवाळाच्या कॅप्सूलची लिंक पाठवतं. तिसऱ्याने वाचलेलं असतं की सेलेनियम घेतल्यावर अँटीबॉडी कमी होतात. औषधाच्या दुकानात या दोन्ही गोष्टी चिठ्ठीशिवाय मिळतात.

यातला 'थायरॉइडला आयोडीन लागतं' हा भाग खरा आहे. पण त्यावरून काढलेला 'थायरॉइड बिघडला म्हणजे आयोडीन द्यावं' हा निष्कर्ष आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांच्या बाबतीत चुकतो, आणि काहींच्या बाबतीत तो आजार वाढवतो. सेलेनियमचा उपयोग आहे, पण तो एका छोट्या गटापुरता आणि ठरावीक मुदतीपुरता. हे असं का, ते क्रमाने पाहू.

आयोडीन नेमकं कशाला लागतं?

गळ्याच्या पुढच्या भागात असलेली थायरॉइड (अवटू) ग्रंथी दोन मुख्य हॉर्मोन तयार करते: टी४ आणि टी३. नावातला आकडा आयोडीनच्या अणूंचा आहे. टी४ मध्ये चार, टी३ मध्ये तीन. आयोडीन नसेल तर हे हॉर्मोन बनूच शकत नाही.

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रीची गरज वाढते. जागतिक आरोग्य संघटना त्यांच्यासाठी दिवसाला २५० मायक्रोग्रॅमचा आकडा देते.

हे प्रमाण वर्षानुवर्षं मिळालं नाही तर मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवून थायरॉइडला 'आणखी काम कर' असा इशारा देत राहते. थायरॉइड मोठी होत जाते आणि गलगंड दिसू लागतो. आईच्या पोटात असताना आयोडीन फारच कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि ती नंतर भरून निघत नाही.

हिमाचल प्रदेशातल्या कांगडा खोऱ्यात एकेकाळी गलगंड घरोघरी दिसत असे. तिथे १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग करून दोन भागांत आयोडीनयुक्त मीठ पुरवलं आणि तिसऱ्या भागात साधं मीठ चालू ठेवलं. पाच-सहा वर्षांत आयोडीन मिळालेल्या दोन्ही भागांत गलगंडाचं प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली आलं. तिसऱ्या भागात ते तसंच राहिलं. मग तिथेही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आलं. १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रमाच्या मागे हे काम होतं.

म्हणजे कमतरता असते तिथे आयोडीन खरोखर काम करतं. प्रश्न एवढाच उरतो की तुमच्या बाबतीत कमतरता आहे का.

आज आपल्याला आयोडीन किती मिळतं?

खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या मिठात आयोडीन असणं भारतात २००६ पासून पुन्हा सक्तीचं आहे. ग्राहकापर्यंत पोहोचताना दर ग्रॅम मिठात किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे. पाकिटांत ते सहसा याहून जास्त असतं.

हिशेब सोपा आहे. समजा मिठात दर ग्रॅमला २५ मायक्रोग्रॅम आयोडीन आहे आणि एक माणूस भाजी, आमटी, लोणचं, पापड सगळं धरून दिवसाला ८ ग्रॅम मीठ खातो. ते झाले २०० मायक्रोग्रॅम. शिजवताना त्यातला साधारण पाचवा हिस्सा उडून गेला असं धरलं तरी १६० उरतात. दूध, दही, अंडी, मासे यांतून आणखी थोडं मिळतं. म्हणजे रोजची गरज भागली. (८ ग्रॅम मीठ खावं असा याचा अर्थ नाही. रक्तदाबासाठी ते जास्तच आहे. पण आपल्याकडे अनेक जण तेवढं खातात.)

देशभरातल्या पाहण्यांतही हेच दिसतं. लघवीतल्या आयोडीनवरून पाहिलं तर भारताची सरासरी स्थिती आज 'पुरेशी' या गटात येते. अजूनही कमतरतेची शक्यता राहते ती ठरावीक लोकांमध्ये: घरात कायम आयोडीन नसलेलं मीठ वापरणारे, दूध-अंडी-मासे काहीच न खाणारे, आणि गरज वाढलेल्या गरोदर स्त्रिया.

मग एवढं आयोडीन मिळूनही इतक्या जणांचा थायरॉइड कमी का पडतो? कारण जिथे आयोडीन पुरेसं मिळतं, तिथे हायपोथायरॉइडिझमचं सर्वांत मोठं कारण हाशिमोटो हा आजार आहे. यात शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती थायरॉइडच्या पेशींवर हल्ला करते. रक्तात अँटी-टीपीओ नावाच्या अँटीबॉडी वाढलेल्या दिसतात. इथे कच्चा माल कमी पडलेला नाही, कारखान्याचंच नुकसान होतंय. त्यात माल वाढवला तर काय होतं, ते पुढे पाहू.

आयोडीन जास्त झालं तर ग्रंथी काय करते?

१९४८ मध्ये जॅन वुल्फ आणि इस्रायल चायकॉफ या अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात एक उलटी वाटणारी गोष्ट पाहिली. रक्तातलं आयोडीन एकदम वाढलं की थायरॉइड हॉर्मोन जास्त बनवण्याऐवजी बनवणं जवळजवळ थांबवते. आयोडीनच्या लोंढ्यापासून वाचण्याची ही ग्रंथीची पद्धत आहे. आज तिला वुल्फ-चायकॉफ परिणाम म्हणतात.

निरोगी माणसात हा थांबा थोड्या दिवसांचा असतो. ग्रंथी आयोडीन आत घेणारं आपलं दार अरुंद करते, आतली पातळी उतरते आणि काम पुन्हा सुरू होतं. त्यामुळे बहुतेकांना जास्त आयोडीन सोसतं आणि रिपोर्टमध्येही फारसा फरक दिसत नाही.

हाशिमोटो असलेल्यांची ग्रंथी मात्र अनेकदा या थांब्यातून बाहेर येऊ शकत नाही. आयोडीन येत राहतं तोवर हॉर्मोन कमी पडत राहतं आणि टीएसएच चढत जातो. गर्भातलं बाळ, नवजात बाळ आणि ज्यांच्या थायरॉइडवर पूर्वी रेडिओआयोडीनचा उपचार किंवा अर्धी ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांच्यातही हा धोका जास्त असतो.

अख्ख्या लोकवस्तीतही हा परिणाम मोजला गेला आहे. चीनमधल्या कमी, पुरेशाहून थोडं जास्त आणि खूप जास्त आयोडीन मिळणाऱ्या तीन भागांतल्या लोकांना पाच वर्षं तपासत राहिलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. टीएसएच वाढलेला पण टी४ नॉर्मल, अशी सुरुवातीची अवस्था त्या काळात पहिल्या भागात हजारातल्या २ जणांमध्ये नव्याने दिसली. दुसऱ्या भागात २६ आणि तिसऱ्या भागात २९ जणांमध्ये. आयोडीन देणं बंद करावं असा याचा अर्थ नाही, कारण कमतरतेचं नुकसान याहून फार मोठं आहे. पण 'जास्त घेतलं तर चांगलंच' हा समज इथे टिकत नाही.

एक उदाहरण

नाशिकच्या ३८ वर्षांच्या एका शिक्षिकेचा विचार करू. व्यक्ती कल्पित आहे, पण घटनांचा क्रम दवाखान्यात नेहमी दिसणारा आहे.

तपासणीत टीएसएच ६.८ आला (साधारण मर्यादा ०.४ ते ४.५), फ्री टी४ नॉर्मल, अँटी-टीपीओ बरंच वाढलेलं. त्रास फारसा नव्हता. डॉक्टरांनी गोळी सुरू केली नाही, तीन महिन्यांनी या म्हणाले. दरम्यान त्यांच्या नणंदेने 'थायरॉइडसाठी नैसर्गिक' म्हणून केल्प, म्हणजे समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल आणून दिल्या. सकाळी एक, रात्री एक. डबीवर प्रत्येक कॅप्सूलमध्ये ३२५ मायक्रोग्रॅम आयोडीन लिहिलं होतं.

हिशेब करा. जेवणातून साधारण २०० आधीच मिळत होते. त्यात ६५० ची भर पडली. रोजचं ८५०, म्हणजे गरजेच्या पाचपटीहून जास्त. युरोपात मोठ्या माणसासाठी वरची सुरक्षित मर्यादा ६०० धरतात. अमेरिकेत ती ११०० आहे, पण ही मर्यादा निरोगी ग्रंथी डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेली आहे. अमेरिकन थायरॉइड असोसिएशन दिवसाला ५०० मायक्रोग्रॅमहून जास्त आयोडीन असलेली पूरकं घेऊ नका असा सल्ला देते. शिवाय शेवाळातलं आयोडीन प्रत्येक खेपेला वेगवेगळं असतं, त्यामुळे डबीवरचा आकडा खरा असेलच असं नाही.

दहा आठवड्यांनी बाईंना सतत थकवा, बद्धकोष्ठता आणि कोरडी त्वचा असा त्रास सुरू झाला. टीएसएच २४ आणि फ्री टी४ मर्यादेच्या किंचित खाली. आजार वेगाने वाढला असं समजून आयुष्यभराची गोळी सुरू होण्याची हीच वेळ. पण डॉक्टरांनी विचारलं, "बाकी काही घेताय का?"

"नाही हो डॉक्टर, औषध काहीच नाही. फक्त त्या शेवाळाच्या कॅप्सूल."

कॅप्सूल बंद झाल्या. आठ आठवड्यांनी टीएसएच ७.२ आणि फ्री टी४ पुन्हा नॉर्मल. बाई जिथून निघाल्या होत्या तिथेच परत आल्या. हाशिमोटो गेला नाही, तो मुळात होताच. कॅप्सूलने त्याच्यावर दुसरा भार टाकला होता, तो उतरला. अशा वेळी आयोडीन बंद करून सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणं हीच खरी परीक्षा. टीएसएच उतरला नसता, तर थायरॉक्सिनची गोळी लागली असती. आणि बाई गरोदर असत्या किंवा दिवस राहण्याच्या प्रयत्नात असत्या, तर डॉक्टर आठ आठवडे थांबलेच नसते, गोळी लगेच सुरू केली असती.

इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. थायरॉक्सिनच्या गोळीतच आयोडीन असतं. १०० मायक्रोग्रॅमच्या गोळीत साधारण ६५ मायक्रोग्रॅम. ही गोळी तयार हॉर्मोन देते, त्यामुळे ती घेणाऱ्याला हॉर्मोन बनवण्यासाठी वेगळ्या आयोडीनची गरज राहत नाही.

गाठी असतील तर धोका उलट्या दिशेचा

ज्यांच्या थायरॉइडमध्ये बऱ्याच वर्षांपासून गाठी आहेत, त्यांच्यात जास्त आयोडीनचा परिणाम नेमका उलटा होऊ शकतो. यातल्या काही गाठी टीएसएचच्या हुकमाबाहेर गेलेल्या असतात. आयोडीन कमी असतं तोवर त्या गप्प असतात. ते भरपूर मिळालं की हॉर्मोन बनवत सुटतात. मग छातीत धडधड, हात थरथरणं, वजन घटणं, झोप उडणं ही हायपरथायरॉइडिझमची लक्षणं दिसतात. उतारवयात कधी कधी हृदयाचे ठोके अनियमित होणं हेच पहिलं लक्षण असतं.

१९६६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर गलगंड घालवण्यासाठी पावात आयोडीन मिसळायला सुरुवात झाली. त्यानंतर तिथे हायपरथायरॉइडिझमचे रुग्ण एकदम वाढले. त्यांत जुन्या गाठी असलेली चाळिशीपुढची माणसं जास्त होती. काही वर्षांनी ही लाट ओसरली. आयोडीन आवश्यकच होतं, पण ज्यांच्या ग्रंथी दीर्घ कमतरतेने आधीच बदलल्या होत्या, त्यांना ते सोसलं नाही.

आयोडीनचा मोठा डोस फक्त कॅप्सूलमधूनच येतो असं नाही. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिल्या जाणाऱ्या अमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत ७५ मिलिग्रॅम, म्हणजे ७५,००० मायक्रोग्रॅम आयोडीन असतं. सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात त्या कॉन्ट्रास्टमध्ये तर याहून कितीतरी जास्त. ही गोळी किंवा तपासणी गरजेची असेल तर टाळू नका. गाठी किंवा ग्रेव्हज आजार असल्याचं आधी सांगा, म्हणजे नंतर केव्हा रक्त तपासायचं ते डॉक्टर ठरवतील.

ग्रेव्हज आजारात थायरॉइडची शस्त्रक्रिया करण्याआधी काही दिवस ल्युगॉलचं द्रावण देतात. त्याच्या एका थेंबात सहा हजारांहून जास्त मायक्रोग्रॅम आयोडीन असतं. इथे डॉक्टर वुल्फ-चायकॉफचा थांबा मुद्दाम वापरून घेतात. ग्रंथीतला रक्तपुरवठा घटतो आणि शस्त्रक्रिया सोपी होते. पण ही दहा-बारा दिवसांची, तारीख ठरलेली तयारी आहे. तेच द्रावण 'शरीरातली आयोडीनची टाकी भरण्यासाठी' रोज घ्या असा सल्ला इंटरनेटवर फिरतो, तो धोक्याचा आहे.

मग आयोडीनयुक्त मीठ बंद करावं का?

नाही. हाशिमोटो असला तरी रोजच्या जेवणातल्या मिठाइतकं आयोडीन अपाय करत नाही. नुकसान गरजेच्या कित्येक पट जाण्याने होतं.

आजकाल काही घरांत 'थायरॉइडला बरं' म्हणून पाकिटातलं मीठ सोडून शेंदेलोण किंवा गुलाबी मीठ आणलं जातं. कोकणातल्या मिठागरातलं खडे मीठही 'शुद्ध' म्हणून रोजच्या वापरात येतं. पाकिटावर आयोडीनयुक्त असं लिहिलेलं नसेल, तर या मिठात आयोडीन नसल्यासारखंच असतं. उपवासाच्या दिवशी ते वापरलं तर काहीच बिघडत नाही. पण घरातलं सगळंच मीठ बदललं, तर एका माणसाच्या आजारासाठी लहान मुलं आणि घरातली गरोदर सून यांचं आयोडीन कमी होतं.

मीठ खरोखर बदलावं लागतं ते एका प्रसंगी: थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये रेडिओआयोडीनचा उपचार किंवा स्कॅन करायचा असेल तर त्याआधी एक-दोन आठवडे कमी आयोडीनचा आहार सांगतात. तो संपला की नेहमीचं मीठ परत सुरू.

गरोदरपणात

गरोदरपणात आयोडीनची पूरक गोळी योग्य ठरू शकते. पहिल्या तिमाहीत बाळ पूर्णपणे आईच्या हॉर्मोनवर अवलंबून असतं, आणि आईच्या लघवीतून आयोडीन जास्त जातं. ज्या देशांत मिठातून पुरेसं आयोडीन मिळण्याची खात्री नाही, तिथे दिवस राहण्याच्या आधीपासून रोज १५० मायक्रोग्रॅम पोटॅशियम आयोडाइड घेण्याची शिफारस आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मुलींना डॉक्टर आयोडीन असलेलं प्रसूतिपूर्व जीवनसत्त्व सांगतात, ते यासाठीच. आपल्याकडे घरात आयोडीनयुक्त मीठ असेल आणि दूध-दही खाण्यात असेल, तर वेगळ्या गोळीची गरज आहे का हे डॉक्टरांना विचारून ठरवावं.

दोन अपवाद लक्षात ठेवा. थायरॉक्सिनची गोळी चालू असलेल्या आणि हायपरथायरॉइडिझमवर उपचार घेत असलेल्या गरोदर स्त्रीला आयोडीनची वेगळी गोळी सुरू करण्याची गरज नसते. आणि शेवाळाच्या कॅप्सूल गरोदरपणात कुणीच घेऊ नयेत, कारण आईला सोसलेलं जास्तीचं आयोडीन बाळाच्या ग्रंथीला सोसेलच असं नाही.

सेलेनियमचं काम वेगळं

सेलेनियम हॉर्मोनमध्ये जात नाही. ते काही एन्झाइमचा भाग असतं. त्यातली काही टी४ मधला आयोडीनचा एक अणू काढून त्याचं जास्त प्रभावी टी३ करतात. दुसरी काही हॉर्मोन बनवताना तयार होणाऱ्या पेरॉक्साइडपासून ग्रंथीला वाचवतात. मोठ्या माणसाला दिवसाला ४० ते ७० मायक्रोग्रॅम पुरतं, आणि ते धान्य, डाळी, अंडी, मासे यांतून मिळतं.

थायरॉइडला जपणारं हे मूलद्रव्य हाशिमोटोत द्यावं, ही कल्पना यातूनच आली. २००२ मध्ये जर्मनीतल्या एका अभ्यासात रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम तीन महिने दिल्यावर अँटी-टीपीओ कमी झालं. तेव्हापासून ही गोळी लोकप्रिय झाली. पण अँटीबॉडीचा आकडा उतरणं आणि माणसाला बरं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ते पाहण्यासाठी डेन्मार्कमध्ये थायरॉक्सिन घेणाऱ्या हाशिमोटोच्या ४१२ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना वर्षभर २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. २०२४ मध्ये निकाल आला. दोन्ही गटांतल्या लोकांनी आधीपेक्षा बरं वाटतं असं सांगितलं, आणि दोघांची सुधारणा सारखीच होती. गोळीचा डोसही कमी झाला नाही. 'सेलेनियमने मला फरक पडला' असं सांगणारी व्यक्ती खोटं बोलत नसते. पण तो फरक सेलेनियममुळे पडला असं म्हणता येत नाही.

सेलेनियमचा खरा उपयोग कुठे?

ग्रेव्हज आजारात काहींचे डोळे सुजतात, चुरचुरतात, पुढे आल्यासारखे दिसतात. हा त्रास सौम्य आणि नुकता सुरू झालेला असेल, तर सेलेनियम मदत करतं. युरोपातल्या १५९ रुग्णांच्या चाचणीत, जिचा निकाल २०११ मध्ये आला, काहींना रोज दोनदा १०० मायक्रोग्रॅम सोडियम सेलेनाइट सहा महिने दिलं. त्यांच्यापैकी ६१ टक्क्यांच्या डोळ्यांत सुधारणा दिसली, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ३६ टक्क्यांच्या. त्रास वाढण्याचं प्रमाण ७ टक्के विरुद्ध २६ टक्के होतं.

दोन मर्यादा आहेत. हे रुग्ण मातीत सेलेनियम कमी असलेल्या देशांतले होते, त्यामुळे ज्यांना जेवणातून ते भरपूर मिळतं त्यांना एवढाच फायदा होईल असं नाही. आणि उपचार सहा महिन्यांचा आहे, कायमचा नाही. दिसायला दोन-दोन दिसत असेल, नजर कमी होत असेल किंवा डोळा मिटत नसेल, तर सेलेनियमवर वेळ घालवू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा.

सेलेनियम जास्त झालं तर

सेलेनियममध्ये पुरेसं आणि जास्त यांतलं अंतर कमी आहे. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये वरची मर्यादा दिवसाला २५५ मायक्रोग्रॅमवर आणली. म्हणजे २०० ची गोळी आणि नेहमीचं जेवण मिळूनच ती गाठली जाते. एका ब्राझील नटमध्ये ६५ ते ९० मायक्रोग्रॅम असू शकतं. गोळीबरोबर रोज चार-पाच नट खाणारा माणूस मर्यादेच्या दुप्पट पुढे जातो.

ओळखायचं कसं? केस गळू लागतात, नखं ठिसूळ होतात, त्यांवर पांढरे पट्टे येतात किंवा ती गळून पडतात, श्वासाला लसणासारखा वास येतो, मळमळ होते. २०२५ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यात शेगाव परिसरातल्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा रुग्णांच्या तपासणीत सेलेनियम वाढलेलं आढळलं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याचा संबंध रेशनच्या गव्हाशी जोडला. थायरॉइडच्या रुग्णासाठी यात एक फसवी गोष्ट आहे. थायरॉइड कमी असल्यानेही केस गळतात. त्यामुळे केसांसाठी म्हणून सुरू केलेलं सेलेनियमच केस घालवत असेल, तर माणूस डोस आणखी वाढवतो.

लांब पल्ल्याचा धोका मधुमेहाचा आहे. अमेरिकेत त्वचेच्या कॅन्सरसाठी झालेल्या एका चाचणीत रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम सरासरी सात वर्षांहून जास्त काळ घेणाऱ्यांत मधुमेहाचं प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं. म्हणून 'असू दे, चांगलंच आहे' म्हणत ही गोळी वर्षानुवर्षं चालू ठेवू नये.

आणखी एक धडा मध्य आफ्रिकेतल्या तेव्हाच्या झाईरचा. तिथे काही भागांत आयोडीन आणि सेलेनियम दोन्ही कमी होती. १९९० च्या सुमारास थायरॉइड फार कमी असलेल्या लोकांना दोन महिने फक्त सेलेनियम देऊन पाहिलं, तर त्यांच्या रक्तातलं टी४ आणखी उतरलं. सेलेनियम मिळताच टी४ चं रूपांतर करणारी एन्झाइम जोरात कामाला लागली, पण नवं टी४ बनवायला आयोडीनच नव्हतं. आयोडीन नसलेलं मीठ खात सेलेनियमची गोळी घेणं म्हणूनच शहाणपणाचं नाही.

डबी हातात असेल तर

आधी मागची बारीक अक्षरं वाचा. केल्प, सी-वीड, ब्लॅडररॅक, पोटॅशियम आयोडाइड यांपैकी काही असेल तर त्यात आयोडीन आहे. रोजच्या डोसचा आकडा काढा आणि मिलिग्रॅम आहे की मायक्रोग्रॅम ते पाहा. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. मल्टिव्हिटॅमिनमध्येही सेलेनियम असेल तर ते मिळवा. बायोटिन लिहिलेलं असेल तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवा, कारण काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटाच कमी दिसतो.

'माझ्यात आयोडीन कमी आहे का' हे एका तपासणीत कळत नाही. लघवीतलं आयोडीन कालच्या जेवणावर बदलतं. गावाची किंवा देशाची स्थिती कळायला ते उपयोगी आहे, एका माणसाची नाही. त्वचेवर आयोडीन लावून डाग किती वेळात जातो हे पाहण्याच्या घरगुती परीक्षेला काहीच अर्थ नाही. घरातलं मीठ कोणतं, दूध-अंडी-मासे खाता का, आणि गरोदरपण आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरं जास्त सांगतात.

आयोडीनची कॅप्सूल आधीच चालू असेल आणि टीएसएच वाढत असेल, तर थायरॉक्सिन सुरू करण्याआधी किंवा त्याचा डोस वाढवण्याआधी डॉक्टरांना ती डबी दाखवा. थायरॉक्सिन आधीच चालू असेल तर ते मात्र स्वतःहून बंद करू नका. कॅप्सूल थांबवल्याची तारीख लिहून ठेवा, म्हणजे पुढचा रिपोर्ट नेमका कशाबद्दल सांगतोय ते कळेल.